पाय म्हणजे π ची किंमत काढायचीय, बहुभुज वर्तुळाच्या आत काढू की बाहेर?

भाचीचा प्रोजेक्ट आहे, ती विचारत होती की मामा दोन्हीतला कुठला घेऊ. व्यास १ धर, म्हणजे परिमिती हाच पायचा अंदाज.

सुरुवातीला आतला षटकोन सोपा, बाजू त्रिज्येएवढी म्हणून परिमिती सरळ ३. बाहेरच्याला √३ लागतं, ३.४६४१ येतं.

अचूकपणात पण आतलाच पुढे. १२ बाजूंना आत ३.१०५८ आणि बाहेर ३.२१५४, म्हणजे बाहेरची चूक जवळजवळ दुप्पट, आणि बाजू वाढवल्या तरी हे प्रमाण तसंच राहतं.

मग बाहेरचा कशाला? कारण आतला नुसता सांगतो की पाय माझ्यापेक्षा मोठा आहे, किती मोठा ते नाही. आर्किमिडीजने ९६ बाजूंपर्यंत दोन्ही काढले म्हणून तर ३ १०/७१ आणि ३ १/७ यांच्यामध्ये पाय पकडता आला.

एक गोची आहे. फक्त आतल्याच्या s लांबीच्या बाजू √(२−√(४−s²)) ने दुप्पट करत गेलीस (इथे त्रिज्या १) तर s बारीक होतो, जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी होते आणि कॅल्क्युलेटर आकडे खातो. उत्तर सुधारता सुधारता अचानक बिघडायला लागलं की समजायचं. आतली परिमिती p आणि बाहेरची P सोबत ठेवलीस तर नवीन P = २pP/(p+P), नवीन p = √(p × नवीन P), वजाबाकीच नाही.

तर फक्त अंदाज हवा असेल तर आतला. खात्रीची हद्द हवी तर दोन्ही. आणि आळशी लोकांसाठी, दोन वेळा आतला अधिक एकदा बाहेरचा भागिले ३, १२ बाजूंनाच ३.१४२३ येतं.