पहिली रॅकेट: फोर-यू, इव्हन बॅलन्स, २२ पाऊंड (दिवाळी ते जून वापरून)

चाळिशीत पहिल्यांदा बॅडमिंटन सुरू केलं आणि दिवाळीत रॅकेट घेतली. फोर-यू, म्हणजे ८० ते ८५ ग्रॅममधली, मधल्या लवचीकतेच्या दांड्याची. थ्री-यू साधारण पाच ग्रॅम जड असते. तेवढ्याने काय होतं असं वाटेल, पण तिसऱ्या गेममध्ये खांद्याला कळतं. फाइव्ह-यूचा उलटा त्रास: मनगट पटकन फिरतं, पण तंत्र कच्चं असेल तर उंच मारलेला टॉस समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत जात नाही.

बॅलन्सची मात्र खरी गंमत आहे. बॅलन्स म्हणजे मुठीच्या बुडापासून रॅकेट जिथे तोलते तिथपर्यंतचं अंतर. माझ्या रॅकेटचा छापील बॅलन्स २९० मिमी, वजन ८३ ग्रॅम. हा आकडा गटिंग नसलेल्या रॅकेटचा असतो. गटिंगचे साडेचार-एक ग्रॅम सगळे डोक्याकडे येतात, त्यामुळे बॅलन्स ३०४ च्या आसपास सरकतो. मुठीवर पाच ग्रॅमची ओव्हरग्रिप चढवली की परत २९२. म्हणजे हेड-हेवी की इव्हन, हे स्टिकरपेक्षा तुमची ग्रिप जास्त ठरवते. घरी बघायचं तर रॅकेट पट्टीच्या धारेवर आडवी तोला आणि जिथे स्थिर राहील तिथून मुठीच्या बुडापर्यंत टेपने मोजा.

आपल्या नागपुरात हे एप्रिलपासून जाणवतं. कूलरच्या हॉलमध्ये घामाने ग्रिप ओली होते, मग लोक जुनीवरच दुसरी चढवतात. बॅलन्स २८२ वर येतो, मूठही जाडते, आणि मग टॉस मध्येच पडायला लागले म्हणून रॅकेटला शिव्या! जुनी काढूनच नवी लावा, भाऊ.

आता गटिंग. मी २२ पाऊंडावर, ०.७० मिमीच्या जाड तारेने करून घेतलं होतं. मार्चमध्ये तार तुटली, तेव्हा दुकानदाराने "आता तर चांगलं खेळता ना" म्हणत २५ ओढलं. मधोमध लागलं की आवाज झकास, पण बोटभर बाजूला लागलं की शटल मेलेलं, आणि कोपराला झिणझिण्या. कमी ताणाची तार जास्त दबते आणि शटल परत फेकते. जास्त ताणाला तो वेग स्वतःच्या हाताने द्यावा लागतो. दोन आठवडे काढले, मग कापून पुन्हा २२ केलं. टॉस त्याच संध्याकाळी मागे जायला लागले. स्मॅश थोडा सैल वाटतो हे खरं, पण माझ्या स्मॅशला तसंही कोणी घाबरत नाही.

घेताना फ्रेमवर लिहिलेली कमाल ताणाची मर्यादा बघा, आणि दुकानातल्या तयार गटिंगचा ताण किती ते विचारा. सांगता आलं नाही तर कापून नवीन करून घ्या. तो खर्च रॅकेटच्या किमतीतच धरायचा.