पोरांना रूमप्रमाणे भाडं लावून फ्लॅट दिला, त्याचा आतापर्यंतचा अनुभव

कोल्हापूरच्या राजेंद्रनगरात आमचा फ्लॅट आहे, शिवाजी विद्यापीठापासून जवळ. जुलैपासून फॅमिलीऐवजी कॉलेजच्या पाच पोरांना दिलाय. आता दुसरी सेमिस्टर संपत आली, म्हणून सविस्तर लिहितेय, कारण मला कोण पण विचारतं की काकू, पोरांना दिल्यावर भाडं जास्त मिळतं ना. मिळतं, पण किती ते नीट मांडून बघा.

फॅमिली तेरा हजार द्यायला तयार होती, म्हणजे वर्षाचे 1,56,000. पोरांकडून मी महिन्याला एकूण 18,500 ठरवले. ॲग्रीमेंट 11 महिन्यांचं, 1 जुलै ते 31 मे, रजिस्टर करून, पोलीस स्टेशनला माहिती देऊन. मे मध्ये परीक्षा झाली की पोरं गावी जातात, सामान राहतं, म्हणून त्या महिन्याचं अर्धं भाडं. जून रिकामा, रंग-प्लंबिंगला ठेवलाय. म्हणजे 1,94,250. त्यातनं वायफाय आणि हॉल-किचन-बाथरूम साफ करणाऱ्या मावशी मिळून महिन्याला 2,200, अकरा महिन्यांचे 24,200 वजा केले की उरतात 1,70,050. फॅमिलीपेक्षा फक्त 14,050 जास्त!

आता भाडं कसं वाटलं ते सांगते, कारण भांडणं इथंच होतात. मोठ्या रूमला ॲटॅच्ड बाथरूम आणि बाल्कनी, दोघं राहतात. मधल्या रूमला पण दोघं, पण बाथरूम बाहेरचं. आणि एक लहान रूम, एकट्याला. सगळ्यांना सारखं भाडं मी लावलंच नाही. आधी लहान रूम 4,000, मोठ्या रूमला डोक्यामागं 3,800, मधल्या रूमला 3,450 असे आकडे कागदावर लिहून पाचही जणांना विचारलं की या भावात कुठली रूम पाहिजे. पाचपैकी चौघांनी लहान रूमच मागितली. म्हणजे ती स्वस्त लागलीय, सरळ आहे. मग लहान रूमचे 500 वाढवले आणि तेवढेच मधल्या रूमचे कमी केले, प्रत्येकी 250. लहान 4,500, मधली 3,200, मोठी तशीच, बेरीज परत 18,500. यावेळी एकानंच लहान रूम मागितली, दोघांनी मोठी, दोघांनी मधली. त्यानंतर आजपर्यंत "त्याची रूम चांगली, माझं भाडं का एवढं" असं एकदा पण ऐकलं नाही. परीक्षेच्या सकाळी बाहेरच्या बाथरूमसमोर बादली घेऊन तिघं उभे असतात, पण मधल्या रूमवाल्यांना आपलं भाडं कमी का आहे हे माहीत असतं.

खरा धोका आहे जानेवारीत. शेवटच्या वर्षाच्या पोरांना बऱ्याच कॉलेजात आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिप असते, पोरगं डिसेंबरला परीक्षा देऊन पुण्याला जातं आणि बेड रिकामा. त्या वेळी कॉलेजचं कोणीच रूम शोधत नसतं. मधल्या रूमचा एक बेड जानेवारी ते मे रिकामा राहिला तर एप्रिलपर्यंतचे 12,800 आणि मे चे 1,600, म्हणजे 14,400 गेले, अख्ख्या वर्षाचा जास्तीचा फायदा एका बेडमध्ये साफ! म्हणून माझी अट अशी, की शेवटच्या वर्षाचा असेल तर इंटर्नशिपचं दिवाळीच्या आत सांगायचं, आणि मधनंच सोडायचं असेल तर बदली माणूस आणायचा, तो बाकीच्या चौघांना चालला पाहिजे, नाहीतर डिपॉझिटमधनं एका महिन्याचं भाडं कापणार. डिपॉझिट दोन महिन्यांचं आहे, ते शेवटच्या भाड्यात वळतं करत नाही, लाईटबिल मिटल्यावरच परत देते. ही अट ॲग्रीमेंटमध्ये लिहूनच घ्या, तोंडी सांगितलेलं पोरांच्या वडिलांना माहीतच नसतं.

यंदा एकजण गेलाच, पण दिवाळीआधी सांगितल्यामुळं एमपीएससी करणारा मुलगा मिळाला. ही मुलं कॉलेजच्या कॅलेंडरवर चालत नाहीत, त्यामुळं जानेवारीचा बेड भरायला चांगली. फक्त त्यांना शांतता लागते, म्हणून रात्री दहानंतर हॉलमध्ये स्पीकर बंद हा नियम आता सगळ्यांनाच आहे.

जुलैत पण घाई करून सगळे बेड भरू नका. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या कॅप राऊंड लांबतात, डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी पोरं तर त्याहून उशिरा येतात, आणि ती पुढं दोन-तीन वर्षं टिकतात. एक बेड त्यांच्यासाठी महिनाभर रिकामा ठेवला तर 3,200 जातात, पण जानेवारीची धास्ती राहत नाही.

बाकी नियम थोडेच आहेत. लाईटबिल पाच जणांत सारखं, बिलाचा फोटो ग्रुपवर. पाहुणा दोन रात्री, त्यापुढं विचारून. आणि कोल्हापूर म्हटल्यावर रविवारी मटण शिजणारच, ते मी बंद केलं नाही, पण एकजण माळकरी आहे, त्याचा कुकर आणि कढई वेगळ्या कप्प्यात, आणि मटणाची भांडी त्याच रात्री घासायची. मावशींसाठी ठेवायची नाहीत, त्यांचं काम फरशी आणि बाथरूमचं ठरलंय, भांड्यांचं नाही.