चॉपर एकाने काढला, मग मर्डर सगळ्यांवर का? कॉमन इंटेन्शन विरुद्ध कॉमन ऑब्जेक्ट

राड्यात वार एकच जण करतो, एफआयआरमध्ये नावं मात्र सात-आठ येतात, आणि त्या सात-आठांतल्या एखाद्याचा जामीन अर्ज ज्याच्या टेबलावर पडतो त्या ज्युनियर वकिलाला पहिलं हेच ठरवायला लागतं की पोलिसांनी आपल्या पोराला मर्डरमध्ये नक्की कुठल्या दोरीने बांधलंय. दोऱ्या दोन आहेत. एक सामाईक इरादा, म्हणजे कोर्टात सगळे म्हणतात ते कॉमन इंटेन्शन, जुनं आयपीसीचं कलम ३४ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३(५). दुसरी समान उद्देश, म्हणजे कॉमन ऑब्जेक्ट, जुनं १४९ आणि आताचं १९०. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनेच नंबर लागतात, त्यानंतरची असेल तर नवे, आतला कायदा जवळपास तोच आहे. शिक्षा कुठल्याही दोरीने सारखीच, मर्डर सिद्ध झाला तर जन्मठेप किंवा फाशी, त्यामुळे फरक शिक्षेत शोधू नका, फरक आहे तो सरकारी वकिलाला काय काय सिद्ध करायला लागतं त्यात.

विक्रोळीतलं एक मॅटर धरू, पूर्ण काल्पनिक. बॉक्स क्रिकेटच्या टर्फबाहेर बाईक लावण्यावरून संध्याकाळी गण्याशी शिवीगाळ झाली, रात्री अकराला पक्या, संत्या आणि निल्या असे तिघे त्याला गाठायला निघाले, हातात एक स्टंप. गण्या पानटपरीपाशी सापडला. संत्याने मागून हात धरले, निल्याने स्टंपने हाणलं, पक्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून कोण येतंय का बघत होता. गण्याचा हात मोडला. तिघेच आहेत म्हणजे १९० चा प्रश्नच नाही, कारण त्याला किमान पाच जण लागतात. इथे ३(५) लागतं आणि हाड मोडल्यामुळे गंभीर दुखापतीचं ११७(२) तिघांवरही चढतं, पक्याने हात लावला नसला तरी. लोकांना हे पटत नाही, ते म्हणतात तो तर नुसता उभा होता. पण नजर ठेवणं हाच त्याचा वाटा होता. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बरेंद्रकुमार घोषच्या केसमध्ये हेच धरलं, कलकत्त्यात पोस्ट ऑफिस लुटताना पोस्टमास्तर गोळीने मेला, घोषचा बचाव असा की मी बाहेर उभा होतो, तरी मर्डरमधून तो सुटला नाही.

आता त्याच मारामारीत थोडा बदल करा. मारता मारता निल्याने कमरेचा चॉपर काढला आणि गण्याच्या पोटात घातला, गण्या गेला. निल्यावर मर्डर आहेच. संत्या आणि पक्याचं काय? ३(५) मध्ये प्रश्न असा की मारून टाकायचं हे तिघांच्या डोक्यात एकत्र होतं का. एकत्र म्हणजे तिघांनाही राग होता, तिघांनाही गण्या नको होता एवढं पुरत नाही, मनं आधी जुळलेली लागतात, आणि जो इरादा जुळला होता त्याच इराद्यातून ते कृत्य झालेलं लागतं. इथे जुळलं होतं ते कुटायचं. चॉपर आहे हे दोघांना माहीतच नव्हतं असं पुराव्यातून दिसलं तर मर्डर निल्यापुरता राहतो आणि बाकी दोघे दुखापतीच्या कलमापर्यंतच जातात. महबूब शाहच्या केसमध्ये (१९४५, तीही प्रिव्ही कौन्सिलचीच) असंच झालं होतं. सिंधू नदीकाठी बोरूवरून भांडण, आपल्या माणसाला मार पडतोय म्हणून दोघे बंदुका घेऊन धावत आले, दोघांनी गोळ्या झाडल्या, मेला तो दुसऱ्याच्या गोळीने. कोर्ट म्हणालं की दोघांचा मिळून इरादा आपल्या माणसाला सोडवायचा होता एवढं म्हणता येईल, मिळून ठार मारायचा होता हे सिद्ध नाही. महबूब शाह मर्डरमधून सुटला.

पण संत्यासाठी इथे एक खड्डा आहे आणि बरेच ज्युनियर त्यातच पडतात. मनं जुळायला आदल्या दिवशी मीटिंग लागत नाही, ती जागेवर, मारामारी चालू असतानाही जुळू शकतात. निल्याने चॉपर काढला, गण्या ओरडला, संत्याला ते दिसलं आणि तरी त्याने हात सोडले नाहीत, उलट अजून घट्ट धरले आणि मग दुसरा, तिसरा वार झाला, तर मला नव्हतं माहीत हा बचाव पहिल्या वारापर्यंतच चालतो. म्हणून अशा केसमध्ये पोस्टमॉर्टेममध्ये वार किती हे आधी बघा, एकच असेल तर संत्याला जागा आहे, पाच-सहा असतील आणि साक्षीदार म्हणत असेल की शेवटपर्यंत धरून होता, तर अवघड आहे. गल्लीच्या तोंडाशी पाठ करून उभ्या असलेल्या पक्याचं त्याच पुराव्यावर वेगळं होऊ शकतं, दोघांचा बचाव एकाच पॅराग्राफमध्ये लिहू नका.

आता माणसं वाढवा. तिघांऐवजी सात जण निघाले, चार स्टंप, एक लोखंडी रॉड, निल्याच्या हातात उघडा चॉपर, आणि चाळीतून निघताना कोणीतरी ओरडलं, आज सोडायचा नाय त्याला. पाच किंवा जास्त माणसं आणि उद्देश गुन्हा करायचा, म्हणजे कलम १८९ प्रमाणे हा बेकायदेशीर जमाव झाला, आणि इथून गणित पार बदलतं. १९० मध्ये मनं आधी जुळलेली लागत नाहीत. जमावाचा उद्देश काय होता, तू त्या जमावात तो उद्देश धरून होतास का, बस. आणि याचे दोन भाग आहेत ते वेगवेगळे वाचा. पहिला, जमावाच्या उद्देशासाठीच तो गुन्हा झाला. दुसरा, उद्देश वेगळा असला तरी असा गुन्हा होण्याची शक्यता आहे हे जमावातल्या लोकांना माहीत होतं. खरा फरक या दुसऱ्या भागात आहे, कारण ३(५) मध्ये तुम्हाला इरादा लागतो, इथे नुसती जाणीव पुरते. सातव्या पोराने, समजा बाळूने, टपरीच्या शटरवर एक दगड मारला आणि बाकी काही केलं नाही, तरी चॉपर उघडा दिसत होता आणि सोडायचा नाय हे ऐकून तो सोबत चालत आला, म्हणजे मर्डरची शक्यता त्याला माहीत होती असं कोर्ट म्हणू शकतं. मिझाजीच्या केसमध्ये (१९५९, सुप्रीम कोर्ट) शेताचा ताबा घ्यायला पाच जण गेले, कोणाकडे भाला, कोणाकडे काठ्या, एकाकडे पिस्तूल, गोळी एकाने झाडली आणि काठीवाले पण मर्डरमध्ये राहिले.

मग बाळूला वाचवायचं कुठे? चॉपरपाशीच. तोच चॉपर निल्याच्या पाठीवरच्या बॅगेत होता, निघताना फक्त स्टंप दिसत होते आणि बोलणं झालं ते दोन फटके टाकू एवढंच, तर स्टंप बघून हात-पाय मोडतील ही जाणीव धरता येते, मर्डरची जाणीव धरणं सोपं नाही, आणि केस ११७(२) सोबत १९० अशी खाली यायला वाव मिळतो. (स्टंप डोक्यात बसून माणूस गेला तर वेगळं गणित आहे, ते यात मिसळू नका.) दुसरं, वेळ. १९० म्हणतं की गुन्हा घडला त्या वेळी तो जमावाचा सदस्य असला पाहिजे. शटरवर दगड मारून बाळू घाबरला आणि पळाला, वार त्यानंतर झाला, आणि हे सोसायटीच्या सीसीटीव्हीत दिसतंय, तर हा मुद्दा पहिल्या पानावर घ्या. बऱ्याच जामीन अर्जांत तो खाली कुठेतरी दडलेला असतो आणि अर्जाचं निम्मं पान पोरगा गरीब घरचा आहे यात जातं.

तिसरं, बघे. मुंबईत कुठेही राडा झाला की दोन मिनिटांत वीस जण मोबाईल वर करून उभे, आणि मग साक्षीदार सांगतो की हा पण तिथेच होता. तिथे असणं आणि जमावात असणं एक नाही. मसाल्तीच्या केसमध्ये (१९६४, सुप्रीम कोर्ट) दोन्ही बाजू एकत्र मिळतात, म्हणून ती पूर्ण वाचा. जमावाचा सदस्य आहे हे ठरलं की त्याने स्वतः काही केलंच पाहिजे असं नाही, पण नुसता कुतूहलाने थांबलेला माणूस सदस्य नव्हे, आणि आरोपींची गर्दी असेल तेव्हा एका साक्षीदाराच्या तोंडावर न जाता दोन-तीन तरी साक्षीदार तेच नाव सुसंगतपणे घेतात का ते बघावं. सोबत आला होता का, हातात काय होतं, मारामारी झाल्यावर त्यांच्याबरोबरच पळाला का, या तीन गोष्टींवर बघ्या आणि सदस्य वेगळे होतात.

आता पाचच्या आकड्याचा घोळ. पाच जण पकडलेच गेले पाहिजेत असं नाही, चार पकडले आणि दोन-तीन अनोळखी होते असं पुराव्यात असेल तरी १९० चालतं. पण एफआयआरमध्ये नावानिशी फक्त पाचच, अनोळखी कोणी नाही, आणि त्यातले दोघे निर्दोष सुटले, तर उरले तीन, आणि जमावच उडाला. मोहन सिंगच्या केसमध्ये (सुप्रीम कोर्ट, १९६२ चा निकाल) हाच प्रश्न आला, १४९ गेलं, पण आरोपी घरी गेले असं समजू नका, त्यांना ३४ खाली धरलं, कारण मिळून मारल्याचा पुरावा होता. म्हणजे जमाव उडाला या मुद्द्यावर सगळी केस टांगायची नाही, त्याच वेळी मनं जुळल्याचा पुरावा नाही हे पण मांडायचं. उलट दिशेने मात्र जाणं सोपं नसतं, ३(५) हा स्वतंत्र गुन्हा नाही, जबाबदारी वाटायचा नियम आहे, १९० स्वतंत्र गुन्हा धरला जातो, त्यामुळे चार्ज फक्त ३(५) चा असताना शेवटी १९० वर शिक्षा मागितली तर चार्जवरच हरकत घ्या.

आणि दोन्ही दोऱ्या सुटतात असा पण एक राडा असतो. टर्फवर मॅच संपली, आऊट-नॉटआऊटवरून तिथल्या तिथे दोन टीम एकमेकांवर तुटून पडल्या, कोणी ठरवून आलं नव्हतं, कोण कोणाला मारतंय तेच कळत नव्हतं आणि त्यात एकाने बाटली फोडून दुसऱ्याला भोसकलं. अशा अचानक झालेल्या खुल्या मारामारीत कोर्टं बरेचदा समान उद्देश धरत नाहीत, ज्याने जे केलं ते त्याच्या माथी. फक्त मध्ये कोणी घरी जाऊन हत्यार घेऊन परत आलं असेल, किंवा फोन करून पोरं बोलावली असतील, तर अचानक हा शब्द टिकत नाही. पोलिस कॉल रेकॉर्ड काढतात ते यासाठीच, तेव्हा अर्जात अचानक लिहायच्या आधी आपल्या पोराने त्या अर्ध्या तासात कोणाकोणाला फोन केला ते त्याच्याकडून नीट काढून घ्या.