आठ महिन्यांच्या वापरानंतर: एआरसी, साउंडबार आणि नेमके पोर्ट

साउंडबार घेतल्यावर पहिले दोन दिवस त्यातून आवाजच आला नाही. दोष यंत्रात नव्हता. केबल मी चुकीच्या जागी जोडली होती. एचडीएमआय केबलमधून एरवी चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीकडे येतात. टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट दिशेने बाहेर पाठवण्याची सोय, म्हणजे एआरसी, २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली, परंतु टीव्हीवरील सगळ्या पोर्टना ती सहसा नसते. माझ्या टीव्हीच्या मागे चार पोर्ट आहेत आणि त्यांपैकी फक्त तिसऱ्याशेजारी ARC असे बारीक अक्षरांत छापलेले आहे. मी सवयीने पहिल्या पोर्टमध्ये केबल लावली होती.

पोर्ट बदलूनही शांतताच होती, कारण केबलचे दुसरे टोक साउंडबारच्या HDMI IN मध्ये होते. ते पोर्ट डिस्क प्लेअरसारख्या उपकरणासाठी असते. टीव्हीकडून येणारा आवाज HDMI OUT मध्येच घ्यावा लागतो. नावात ‘आउट’ असताना आवाज तेथून आत यावा, हे कोणालाही चकवणारे आहे. मात्र हे नाव चित्राच्या दिशेवरून पडले आहे. टोक बदलून टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा पाठवण्याची सोय, सुरू केल्यावर, तोवर फिकट दिसणारा एआरसीचा पर्याय आवाजाच्या यादीत निवडता येऊ लागला.

तिसऱ्या महिन्यात डिस्क प्लेअर लावला. तो सुरू केला की चालू कार्यक्रम सोडून टीव्ही त्याच्याकडे वळे, म्हणून मी वैतागून टीव्हीतील सीईसी बंद केले, आणि आवाज पुन्हा टीव्हीच्या स्पीकरमधून येऊ लागला. एआरसीची जोडणी सीईसीच्या संदेशांवरच जुळते, हे तेव्हा उमगले. उपाय साधा निघाला: टीव्ही आणि साउंडबार यांचे सीईसी चालू ठेवले, फक्त प्लेअरचे बंद केले.

आवाजाच्या दर्जाची गोष्ट मात्र फार उशिरा, पाचव्या महिन्यात, लक्षात आली. चित्रपट ५.१, म्हणजे सहा वाहिन्यांच्या, आवाजाचा असूनही साउंडबारच्या पडद्यावर सतत PCM, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, असे दिसत होते. टीव्हीतील डिजिटल आवाजाची मांडणी पीसीएमवर होती, आणि साध्या एआरसीतून पीसीएम केवळ दोन वाहिन्यांचेच जाते. त्यामुळे मागच्या स्पीकरसाठी वेगळा आवाज पोहोचतच नव्हता. ती मांडणी पासथ्रूवर, म्हणजे आवाज जसाच्या तसा पुढे पाठवण्यावर, आणताच पडद्यावर Dolby Digital Plus उमटले आणि पावसाच्या प्रसंगात पाऊस प्रथमच मागून ऐकू आला.

डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडी हा दर्जा न घटवता साठवलेला आवाज साध्या एआरसीतून जात नाही. त्यासाठी टीव्ही आणि साउंडबार दोन्हींत ईएआरसी, म्हणजे एआरसीचे अधिक क्षमतेचे सुधारित रूप, हवे. माझ्याकडे ते नसल्याने प्लेअर आता थेट साउंडबारच्या HDMI IN मध्ये जोडला आहे. चित्र HDMI OUT मधून टीव्हीकडे जाते आणि मूळ आवाज साउंडबारमध्येच उलगडतो.