‘सातशे एकोणपन्नासमध्ये तिघांचं सगळं अनलिमिटेड’ : पोस्टपेडच्या पहिल्याच बिलात १८५३ रुपये

आमच्या सोसायटीच्या गेटवर एका मोबाइल कंपनीची छत्री लागली होती. तिथल्या मुलाने सासूबाईंना गाठलं आणि तिघांचे प्रीपेड नंबर एका फॅमिली पोस्टपेड प्लॅनमध्ये घ्यायला पटवलं. त्याने कार्डामागे पेनाने लिहून दिलं: ‘७४९, ३ नंबर, १०० जीबी+, कॉल अनलिमिटेड’. तोंडी म्हणाला, “आजी, वर थोडा टॅक्स, बाकी एक रुपया लागला तर मला पकडा.” ओटीपी गेले, नंबर बदलले. पहिलं पूर्ण महिन्याचं बिल आलं १८५३ रुपये ७८ पैशांचं. त्याला पकडायला खाली गेले तर छत्री हललेली होती.

कार्डावर लिहिलेला एकही शब्द उघड खोटा नव्हता. प्लॅनच्या चार गोष्टींपैकी त्याने अडीच सांगितल्या आणि पैसे गेले ते उरलेल्या दीडमध्ये. म्हणून हे बिल इथे उलगडून ठेवते आहे.

आधी महिन्याचं भाडं. ७४९ हे फक्त मुख्य नंबरचं भाडं होतं. बाकीचे दोन नंबर ‘ॲड-ऑन’, प्रत्येकी ९९ रुपये. म्हणजे ९४७. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १११७ रुपये ४६ पैसे. फोनला हातही न लावता दरमहा एवढे ठरलेले. प्रीपेडचा जो आकडा आपण भरतो त्यात कर धरलेला असतो, पोस्टपेडचा आकडा करापूर्वीचा असतो. विकणारा हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडतो आणि फरक मोठा दिसतो. आमचं जुनं रिचार्ज ३४९ चं होतं, २८ दिवसांचं. २८ दिवसांची वर्षाला तेरा रिचार्जं होतात. ते बारा महिन्यांवर पसरलं तर एका नंबरला महिना सुमारे ३७८ आणि तिघांचे ११३४. थोडक्यात, ज्या बचतीच्या नावाखाली हे सगळं केलं ती महिना सोळा-सतरा रुपयांची होती. तीही काहीच जादा वापरलं नाही तर.

आता डेटा. शंभर जीबी ऐकायला भरपूर वाटतं. प्लॅनच्या अटींमध्ये मुख्य नंबरला १०० आणि ॲड-ऑनला ५-५ असे एकूण ११० जीबी होते, तिघांत मिळून. जुन्या रिचार्जमध्ये रोज २ जीबी, म्हणजे २८ दिवसांत ५६ आणि तीन फोनचे मिळून १६८. नव्या ‘मोठ्या’ प्लॅनमध्ये डेटा चक्क कमी झाला होता! कोणीही हा गुणाकार करत नाही, कारण एक आकडा दिवसाचा आणि दुसरा महिन्याचा. वर रोजच्या कोट्याला रात्री बारा वाजता नवी सुरुवात मिळते. महिन्याचा कोटा एकाने पहिल्या पंधरवड्यात संपवला की बाकीच्यांनाही संपतो. आमच्याकडे मुलगा मोबाइलवर क्रिकेट बघतो, शिवाय त्याच्या फोनमधले सगळे व्हिडिओ वाय-फाय नसतानाही आपोआप क्लाउडवर चढत होते. महिनाअखेर एकूण वापर १६४ जीबी.

खरी मेख यापुढे आहे. प्रीपेडमध्ये रोजचा डेटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने एक एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटं लागतात, व्हिडिओ चालतच नाही. माणूस वैतागून फोन खाली ठेवतो. पैसे मात्र जात नाहीत. घरातल्या सगळ्यांना हीच सवय: डेटा संपला की नेट मंदावतं, आपल्याला आपोआप कळतं. आमच्या या प्लॅनमध्ये मर्यादेनंतर स्पीड कमी होतच नव्हता. नेट तसंच सुसाट चालू आणि मागे दर जीबीला १० रुपये लागत होते. वरच्या ५४ जीबीचे ५४० झाले. छत्रीखालच्या त्या मुलाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, “आमच्याकडे स्पीड कमी होत नाही,” आणि तेही खरंच ठरलं असतं.

कोटा संपल्याचा संदेश आला होता का? आला होता, मुख्य नंबरवर. मुख्य नंबर कोणाचा, तर सासूबाईंचा, कारण कागदपत्रं त्यांची. बँका, लॉटऱ्या आणि कर्जाच्या संदेशांच्या गर्दीत ‘तुमचा डेटा कोटा संपला आहे, यापुढे लागू दराने आकारणी होईल’ हे वाक्य त्यांनी इतरांसारखंच बोटाने बाजूला सारलं. डेटा उडवणाऱ्या मुलाच्या फोनवर काहीच आलं नाही.

प्लॅनबाहेरचा भाग आमच्याकडे छोटा होता. नणंद दुबईला असते, तिला सासूबाईंनी सात मिनिटं साधा फोन लावला, मिनिटाला १२ रुपये, म्हणजे ८४. ‘कॉल अनलिमिटेड’ हे भारतातल्या भारतात. परदेशात जाताना पॅक न घेता नेट चालू ठेवलं तर हाच भाग कसा फुगतो ते प्रवास करून आलेल्या कोणालाही विचारा.

९४७ अधिक ५४० अधिक ८४ मिळून १५७१, त्यावर जीएसटी २८२ रुपये ७८ पैसे. जादा डेटावरही कर लागतो, हे लक्षात घ्या. दहाचा जीबी खरा ११ रुपये ८० पैशांचा.

आता मी कोणताही प्लॅन चार ओळींत उतरवून घेते: करासह महिन्याचे पैसे आणि त्यात किती नंबर, डेटा दिवसाचा की महिन्याचा, एकट्याचा की वाटून, मर्यादेनंतर स्पीड उतरतो की मीटर पडतो, आणि परदेशी कॉल, रोमिंग, रोजच्या ठरलेल्या संख्येपुढचे एसएमएस यांचा दर. विकणाऱ्याला एवढंच विचारायचं, “मर्यादा संपल्यावर नेट हळू होणार की पैसे लागणार?” आणि उत्तर कंपनीच्या ॲपमधल्या अटींत दाखव म्हणायचं, कार्डावर नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या tariff.trai.gov.in या साइटवर कंपन्यांचे प्लॅन बघता येतात. गेटवर उभं राहूनही दोन मिनिटांत ताडून पाहता येतं.

तक्रारीचं सांगते. १९८ वर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला आणि ‘अटी ग्राहकाने ओटीपीने मान्य केल्या आहेत’ असं सांगून तक्रार बंद झाली. मग कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे गेलो. कार्डाचा फोटो, बिल आणि तीन ओळींचं पत्र जोडलं. ॲड-ऑनचे पैसे नाहीच मिळाले, जादा डेटाचे निम्मे, २७०, पुढच्या बिलात वळते झाले. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवून वाट बघत बसू नका. अपिलातही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा असेल तर आलेल्या बिलाची बाकी आधी भरावी लागते, म्हणून रागाने बिल थकवू नका. भरा आणि भांडण चालू ठेवा. आणि १९८ वरून येणारा तक्रार क्रमांकाचा एसएमएस पुसू नका, अपिलाच्या अर्जात पहिली मागणी त्याचीच असते.