लाल पट्टा एक मीटरवर पुरत नाही: कोबॉट आणि एजीव्हीचे आठ महिने

वाळूज एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात सीएनसी लेथवर जॉब चढवण्या-उतरवण्यासाठी कोबॉट, म्हणजे माणसांच्या शेजारी काम करणारा यंत्रहात, बसवून आठ महिने झाले. तयार मालाच्या ट्रॉल्या चुंबकी पट्टीवरून चालकाशिवाय धावणारी गाडी, म्हणजे एजीव्ही, नेते. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी चांगली आहेत. आमचा त्रास झाला तो दोघांच्या मधल्या दीड-दोन मीटर जमिनीवरून.

कोबॉटभोवती लेसर स्कॅनर दोन झोन पाहतो. पिवळ्या झोनमध्ये कोणी आले की कोबॉटच्या हाताचा वेग सेकंदाला 250 मिमीवर येतो आणि लाल झोनमध्ये आले की हात थांबतो. बसवणाऱ्यांनी लाल झोनची हद्द दाखवणारा पट्टा हाताच्या शेवटच्या पोहोचीपासून एक मीटरवर आखून दिला होता. मंद वेगात हात थांबायला 0.22 सेकंद आणि स्कॅनरला 0.08 सेकंद लागतात. माणूस सेकंदाला 1600 मिमी चालतो असे धरले, तर तेवढ्या वेळात तो 480 मिमी पुढे येतो. म्हणजे एक मीटर ऐसपैसच, असे आम्हालाही वाटले. मात्र यंत्रापासूनचे सुरक्षित अंतर ठरवणाऱ्या आयएसओ 13855 या मानकाच्या सूत्रात आणखी एक भर आहे, ती पट्ट्यावर उभे राहून पुढे वाकणाऱ्या माणसाच्या हाताची. स्कॅनर जमिनीपासून 300 मिमीवर असेल, तर ती 1200 वजा 300 च्या 0.4 पट, म्हणजे 1080 मिमी होते, कारण स्कॅनरला पाय दिसतात, पुढे गेलेला हात दिसत नाही. स्कॅनरच्या मापनचुकीचे 100 मिमी धरून बेरीज 1660 होते. पट्टा आम्ही 1.7 मीटरवर नेला. या बेरजेत मोठा वाटा माणसाच्या हाताच्या लांबीचा असल्यामुळे कोबॉट आणखी मंद करूनही जागा फारशी वाचत नाही, हे त्या दिवशी उमगले.

पट्टा सरकला आणि एजीव्हीची वाट लाल झोनमध्ये आली. प्रत्येक फेरीला कोबॉट थांबू लागला. एजीव्ही जाताना झोन बंद ठेवावा, असा सल्ला एका सुपरवायझरने दिला. पण गाडीच्या मागोमाग चालणारा माणूस मग कोणालाच दिसला नसता. शेवटी चुंबकी पट्टी पाऊण मीटर बाहेर सरकवली. आता गाडी पिवळ्यातूनच जाते आणि आठ-नऊ सेकंद कोबॉट मंदावतो, ते चालते.

एजीव्हीच्याही संरक्षक क्षेत्राची लांबी वेगानुसार बदलते. तिची ब्रेकची चाचणी मात्र भरल्या ट्रॉलीने, कूलंट सांडलेल्या फरशीवरच घ्यावी. कोरड्या जागेपेक्षा आमची गाडी तिथे वीतभर पुढे गेली, म्हणून त्या गल्लीतला वेग उतरवला.

उन्हाळ्यात झोनमध्ये कोणी नसताना कोबॉट थांबू लागला, तर प्रोग्रॅममध्ये हात घालण्याआधी स्कॅनरची काच पाहावी. आमच्याकडे दोन वेळा धुळीचा थरच निघाला. आता प्रत्येक शिफ्टच्या आधी मऊ कापडाने काच पुसतात, मग 70 मिमी जाडीचा पाइप लाल पट्ट्यावर धरून हात थांबतो का ते पाहतात.