ईमेलने येणारी बिले आपोआप नोंदवहीत: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फोंड्यातील आमच्या हार्डवेअरच्या घाऊक दुकानात खरेदीची बहुतेक बिले आता ईमेलला जोडलेल्या पीडीएफच्या रूपात येतात. ती एका फोल्डरमध्ये साठवून प्रत्येक बिलाची ओळ नोंदवहीत लिहिणारी गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्ट आम्ही गेले काही महिने वापरत आहोत. दर तासाला ती जीमेलमध्ये पुढील शोध घेते:

```
has:attachment filename:pdf newer_than:7d
```

सापडलेली फाइल ड्राइव्हवर जाते आणि शीटमध्ये तारीख, पाठवणारा व फाइलचा दुवा भरला जातो. जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि रक्कम मात्र आमचे लेखनिक फाइल उघडून स्वतः भरतात, आणि माझ्या मते ते तसेच राहावे.

खरी डोकेदुखी दुबार नोंदींची होती. बेळगावचे एक पुरवठादार प्रत्येक नवे बिल जुन्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवतात. जीमेलचा शोध स्क्रिप्टच्या हाती एकटा ईमेल देत नाही, अख्खी संभाषणमाळ देतो; त्यामुळे तिसरे बिल आले की पहिली दोनही पुन्हा उतरून घेतली जात. ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली मुकाट्याने ठेवून घेते, म्हणून कुठेही इशारा मिळत नसे. माळेला लेबल लावूनही हे सुटत नाही, कारण स्क्रिप्टमधून लेबल लागते तेही पूर्ण माळेलाच. आता प्रत्येक संदेशाचा `getId()` ने मिळणारा क्रमांक एका स्तंभात लिहिला जातो आणि तो आधीच असल्यास स्क्रिप्ट पुढे जाते.

मात्र पैशांची आठवण करून देताना तेच बिल नव्या ईमेलने आले, तर संदेशाचा क्रमांक नवाच असतो. तेथे पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष अशी तिहेरी तपासणी उपयोगी पडते, कारण नियमानुसार एका आर्थिक वर्षात एका पुरवठादाराचा बिल क्रमांक पुन्हा येऊ शकत नाही. बेळगावच्या त्याच पुरवठादाराचा ‘12/7’ हा बिल क्रमांक शीटने तारीख समजून बदलला आणि तपासणी फसली. तो स्तंभ ‘साधा मजकूर’ या स्वरूपात ठेवल्यावर ते थांबले.

मर्यादा एकच, पण मोठी आहे. काही कंपन्या पीडीएफ न जोडता केवळ दुवा पाठवतात, आणि असे ईमेल या शोधात येतच नाहीत. दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-2बी शी, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांच्या विवरणाशी, नोंदवही ताडून पाहिली की त्यात असलेली आणि आमच्याकडे नसलेली बिले समोर येतात. ती आम्ही हातानेच उतरवून घेतो. ज्यांचे पुरवठादार मुख्यतः दुवेच पाठवतात, त्यांना या व्यवस्थेचा फारसा उपयोग होणार नाही.